मंगल कुठे येतं आणि कुठे येत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया :

«ताई, लेख फारच लांबवलाय. इक ओंकार म्हणजे आपला ॐच, त्याला एवढं वेगळं काय ठरवायचं? आणि प्रत्येक पदाच्या डोक्यावर तेच ते येतं, ती लेखनिकाची सवय. आपण नाही का पत्राच्या वर 'श्री' लिहीत? त्यात अर्थ शोधत बसणं म्हणजे विद्वत्तेचा आव आहे. नामदेव तर आपले, विठ्ठलाचे. त्यांना यात ओढायचं कारण नव्हतं. शीख नसताना शिखांना शिकवू नये एवढंच सांगतो.»

नमस्कार. गुरू ग्रंथ साहिबात रचनांच्या आरंभी येणाऱ्या 'इक ओअंकार' च्या ओळीवरचा, म्हणजे मंगलावरचा, माझा लेख लांब झाला हे तुमचं म्हणणं मान्य. रागांची यादी मधे आली नसती तरी चाललं असतं. इतर गोष्टींवर मतभेद होऊ शकतात, त्याबद्दलही तक्रार नाही. पण 'आव' हा शब्द मला लागला, आणि तो लागला हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. एखाद्याने चुकीचं लिहिलं तर चूक दाखवावी, पान दाखवावं, ओळ दाखवावी. हेतूवर बोट ठेवून मोकळं होणं फार सोपं असतं. तुमच्या सहा-सात वाक्यांत ग्रंथातलं एकही पान नाही, एकही ओळ नाही, आणि तरी निकाल मात्र पक्का आहे. असा निकाल कुणी माझ्या स्वयंपाकाबद्दल दिला असता तर मी गप्प बसले असते. गुरू ग्रंथ साहिबबद्दल दिलेला सोडून देता येत नाही.

आणि विषय काढलाच आहे म्हणून सांगते : मी शीख नाही, हे लेखात मीच लिहिलं होतं. हा मजकूर मी दुसऱ्यांच्या लेखांवरून गोळा केलेला नाही. गुरमुखी शिकून, नांदेडला ग्रंथाचा पाठ करणाऱ्या जाणकार पाठींजवळ बसून, शीर्षकं एकेक करून पाहिली आहेत. म्हणूनच 'प्रत्येक पदाच्या डोक्यावर तेच ते येतं, ती लेखनिकाची सवय' हे तुमचं एक वाक्य मला सोडवत नाही. त्या एका वाक्यात दोन विधानं आहेत आणि दोन्ही ग्रंथ उघडला की टिकत नाहीत.

पहिलं विधान : प्रत्येक पदावर येतं. येत नाही. ग्रंथाची अंगं १४३० (पानाला तिथे अंग म्हणतात), शबद, म्हणजे पदं, आणि श्लोक मिळून रचना काही हजार. ही मंगलाची ओळ, तिची सगळी लहानमोठी रूपं धरून, साडेपाचशेहून थोडी अधिक वेळा येते. म्हणजे बहुतेक शबदांच्या वर ती नाही. ऐकणाऱ्याला ती प्रत्येक वेळी आहे असं वाटतं, कारण नित्याच्या पाठातल्या ज्या वाणी आपल्या कानावर पडतात त्या सहसा एखाद्या गटाच्या सुरुवातीपासून वाचल्या जातात. जपुजी उघडलं की ती आहे, सुखमनी उघडली की ती आहे. पण सुखमनीतच बघा. अंग २६२ वर आरंभाला ती एकदा येते आणि पुढच्या चोवीस अष्टपद्या तिच्याशिवायच जातात. सवयीने लिहिणारा हात चोवीस वेळा आवरला जात नाही.

मग ती येते कुठे? राग बदलला, त्याच रागात रचनेचा प्रकार बदलला (चउपदे संपून अष्टपदी आल्या, छंत आले, वार सुरू झाली), लिहिणारा बदलून त्याच्या रचनांचा नवा गट सुरू झाला, किंवा 'घरु' बदलला, की सहसा ती येते. घरु म्हणजे गायकाला दिलेली सूचना. शीर्षकात 'घरु १', 'घरु २' असा आकडा असतो. थोडक्यात, जिथे नवा गट उघडतो तिथे ती उभी राहते आणि गट चालू असेपर्यंत परत येत नाही.

हे नुसतं सांगून तुम्हाला पटणार नाही, म्हणून चार पानं उघडून दाखवते, आणि मुद्दाम नामदेवांचीच घेते. राग आसा, अंग ४८५. इथे शीर्षक आहे 'आसा बाणी स्री नामदेउ जी की', आणि त्याच्यासोबत मंगल : इक ओअंकार सतिगुर प्रसादि. (जुन्या हस्तलिखितांत शीर्षक आणि मंगल शेजारीशेजारी यायचे. छापताना आधी कोणतं ठेवायचं यावर बराच वाद झाला, त्यामुळे काही छापील बीडांत, म्हणजे ग्रंथाच्या प्रतींत, शीर्षक वर दिसेल, काहींत मंगल. प्रती ताडून पाहताना यानेच गोंधळ होतो, मजकुरात फरक नसतो.) त्याखाली पहिला शबद सुरू होतो :

एक अनेक बिआपक पूरक जत देखउ तत सोई ॥

एकच तो, अनेक होऊन सगळं व्यापून आणि भरून राहिला आहे. जिकडे पाहावं तिकडे तोच. पुढे रहाउच्या, म्हणजे ध्रुवपदाच्या, ओळीत नामदेव म्हणतात, 'सूतु एकु मणि सत सहंस जैसे ओति पोति प्रभु सोई'. सूत एक, मणी शेकडो हजारो, तसा तो प्रभू ओतप्रोत. हा शबद संपतो तिथे ॥४॥१॥ असे आकडे आहेत. चार म्हणजे या शबदाची पदं, एक म्हणजे गटातला हा पहिला शबद.

आता दुसरा शबद, 'आनीले कुंभ भराईले ऊदक'. त्याच्या वर काय आहे? फक्त 'आसा'. मंगल नाही. तिसरा 'मनु मेरो गजु जिहबा मेरी काती', वर फक्त 'आसा'. चौथा, पाचवा, तसेच. शेवटचा आकडा एकावरून पाचापर्यंत चढत जातो, कारण आसा रागात नामदेवांचे शबद पाच आहेत. पाच शबद, मंगल एक. पाचवा संपला की अंग ४८६ वर रविदासांची वाणी सुरू होते आणि मंगल परत येतं. रविदासांचा गट संपून ४८७ वर धन्ना भगतांचा सुरू होतो, मंगल परत येतं. ४८८ वर शेख फरीद यांची वाणी येते, 'दिलहु मुहबति जिंन्ह सेई सचिआ', तिच्याही वर तीच ओळ.

या चार पानांत एक जागा अशी आहे की तिच्यापुढे तुमची 'सवय' उभीच राहू शकत नाही. धन्ना भगतांचा पहिला शबद संपतो आणि मधेच शीर्षक येतं, 'महला ५'. महला पाच म्हणजे पाचवे गुरू, अर्जनदेव. लिहिणारा बदलला. तरी इथे मंगल नाही. का नाही ते शबद वाचला की कळतं :

गोबिंद गोबिंद गोबिंद संगि नामदेउ मनु लीणा ॥ आढ दाम को छीपरो होइओ लाखीणा ॥

अर्ध्या दामाचा शिंपी-छिपा नामदेव गोविंदात मन लावून लाखमोलाचा झाला, असं सुरू करून गुरू अर्जन पुढे विणणं-ताणणं सोडलेल्या कबीरांचं नाव घेतात, रविदासांचं घेतात, सैन न्हाव्याचं घेतात आणि शेवटी म्हणतात, हे सगळं ऐकून तो जाट उठून भक्तीला लागला, धन्ना भाग्यवान ठरला. म्हणजे हा शबद धन्नांच्या गटाच्या पोटात, त्यांच्याविषयी म्हणून ठेवलेला आहे. त्याच्यानंतर धन्नांचा दुसरा शबद येतो, 'रे चित चेतसि की न दयाल', आणि गट पुढे चालू राहतो. गुरूंनी स्वतःच्या शबदावर स्वतंत्र मंगल घेतलं नाही, कारण तिथे नवा गट उघडत नव्हता. नाव बदललं की यांत्रिकपणे ओळ टाकायची, असा नियम असता तर इथे ती पडलीच असती. मंगल लेखकाच्या नावाला बांधलेलं नाही, गटाच्या आरंभाला बांधलेलं आहे.

उलट बाजूचं उदाहरणही नामदेवांच्याच वाणीत आहे. राग गोंडमध्ये त्यांचे सात शबद आहेत. लेखक तोच, राग तोच, तरी तिथे मंगल दोनदा येतं, कारण शीर्षकातला घरु १ बदलून २ होतो. पाच शबदांवर एकदा आणि सातांवर दोनदा, यात सवय नाही, मोजमाप आहे. या मोजमापाचा एक व्यावहारिक उपयोगही आहे. गटाच्या आरंभाला मंगल आणि प्रत्येक शबदाच्या शेवटी चढता आकडा, अशा दोन बाजूंनी गट बंदिस्त झाला की मधे कुणी पदरचा शबद घुसवला तर आकडा बिघडतो, आणि शेवटी जोडला तर पुढच्या मंगलाआधी जास्तीचा आकडा उभा राहतो. भक्तांच्या नावावर भलत्या रचना खपवण्याचं प्रमाण त्या काळात काय होतं हे नामदेवांच्या गाथेचा अभ्यास केलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

'लेखनिकाची' या शब्दाबद्दल. लेखनिक कोण होते हे तुम्हाला ठाऊक असतं तर तो शब्द तुम्ही इतक्या सहज वापरला नसता. १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध झाला तेव्हा गुरू अर्जनदेवांच्या देखरेखीखाली तो लिहिणारे भाई गुरदास होते, स्वतः मोठे कवी. गोइंदवालच्या पोथ्यांमध्ये, म्हणजे त्याआधीच्या गुरुवाणीच्या हस्तलिखितांत, मंगलाची शब्दरचना थोडी वेगळी आढळते. म्हणजे शब्द पारखून, क्रम ठरवून मग ते पक्कं केलं गेलं. पक्कं झाल्यावरही सगळीकडे एकच रूप ठेवलं नाही. पूर्ण रूप, ज्याला मूलमंत्र म्हणतात, ते असं :

इक ओअंकार सति नामु करता पुरखु निरभउ निरवैरु अकाल मूरति अजूनी सैभं गुर प्रसादि ॥

हे पूर्ण रूप ग्रंथात ३३ वेळा येतं, बहुतेक एखाद्या रागाच्या तोंडाशी. आसा राग अंग ३४७ वर सुरू होतो तिथे ते आहे. मधलं रूप, 'इक ओअंकार सति नामु करता पुरखु गुर प्रसादि', मोजक्याच ठिकाणी आहे. अंग ३२३ वर गउडी रागात कबीरांच्या चउपद्यांचा गट उघडतो तिथे ते सापडेल. बाकी सव्वापाचशेच्या आसपास जागी सगळ्यात लहान रूप, 'इक ओअंकार सतिगुर प्रसादि'. आणि प्रत्येक रागाच्या आरंभी पूर्णच असतं असंही धरून चालू नका. पहिलाच राग, सिरीराग, अंग १४ वर लहान रूपाने उघडतो. शेवटचा जैजावंतीही लहान रूपानेच.

आता या तिन्ही रूपांवरून बोट फिरवा. मधलं काय काय गळलं? निर्भय, निर्वैर, कालातीत, अयोनिज, स्वयंभू ही विशेषणं गळली. करता पुरखु हेही लहान रूपात गळलं. गळलं नाही ते काय? आरंभीचा एक आणि शेवटचा प्रसाद. कितीही आखूड केलं तरी ही दोन टोकं कायम आहेत. म्हणजे संपादकाच्या लेखी या ओळीचा कणा तोच : तो एक आहे, आणि तो गुरूच्या कृपेने कळतो. 'प्रसादि' मधली शेवटची ऱ्हस्व वेलांटी दागिना म्हणून नाही. गुरबाणीच्या व्याकरणात ती तृतीयेचं काम करते, 'प्रसादाने'. वाचताना ती उच्चारत नाहीत. आपले लोक 'परसादी' असं लांबवून म्हणतात आणि अर्थाचा प्रत्ययच हरवतो. 'नामु', 'पुरखु', 'निरवैरु' यांच्या शेवटचा उकारही न उच्चारायचा, पण तो पुल्लिंगी एकवचन दाखवतो. ओळ एकत्वाबद्दल बोलते आणि तिचं व्याकरणही एकवचन धरून राहतं.

प्रत्येक गट या ओळीने का उघडतो याचं उत्तरही इथेच आहे. ग्रंथात सहा गुरूंची वाणी आहे, पंधरा भक्तांची आहे, भाटांची आहे. छिपा नामदेव, चर्मकार रविदास, जाट धन्ना, विणकर कबीर, सूफी शेख फरीद, आणि त्यांच्यासोबत स्वतः गुरू. यांच्या भाषा वेगळ्या, देवाची नावं वेगळी. फरीद अल्लाह म्हणतात, नामदेव बीठलु म्हणतात, कबीर राम म्हणतात. नवा गट उघडला की वाचणाऱ्याला वाटावं, आता दुसऱ्या देवाबद्दल ऐकायचं आहे. नेमक्या त्याच जागी ही ओळ येते आणि पुढचं सगळं त्याच एकाबद्दल आहे, त्याच कृपेने आलेलं आहे, असं जाहीर करते. एकाच गटात, एकाच आवाजात ती दर शबदाला सांगण्याची गरज नसते, म्हणून तिथे सांगितलेली नाही. जिथे शंका येण्याची जागा आहे तिथे ती आहे. तुमचं पत्रावरचं 'श्री' पत्रातला मजकूर काय आहे हे विचारत नाही. ही ओळ पुढच्या मजकुराचा कर्ता आणि विषय दोन्ही ठरवून देते.

ती जिथे लिहिली आहे तिथेच वाचायची, हा पाठाचा दंडक आहे. मधल्या शबदाच्या आधी आपल्या मनाने ती जोडणं ही श्रद्धा नव्हे, मजकुरात केलेली भर आहे. अखंड पाठात बसणारे पाठी याबाबतीत किती काटेकोर असतात ते एकदा पाहून या.

या आवर्तनांचा आणखी एक उपयोग सांगते. मूलमंत्र नक्की कुठे संपतो यावर शिखांमध्येच दोन मतं आहेत. एक परंपरा 'गुर प्रसादि' पाशी थांबते, दुसरी पुढचं 'जपु' आणि 'आदि सचु जुगादि सचु, है भी सचु नानक होसी भी सचु' इथपर्यंत धरते. पहिल्या मताचा आधार काय? तीच ३३ आवर्तनं. पहिलं पान सोडून इतर कुठेही पूर्ण मंगल 'गुर प्रसादि' च्या पुढे जात नाही. 'जपु' हे त्या पहिल्या वाणीचं शीर्षक आहे आणि 'आदि सचु' ही त्या वाणीच्या आरंभीची ओळ आहे, असं हे मत सांगतं. मला तेच बरोबर वाटतं. दुसऱ्या परंपरेत जप करणाऱ्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही, पण प्रश्न मजकुराचा असेल तर पुनरावृत्ती कुठे थांबते हा पुरावा जड आहे. ज्या पुनरावृत्तीला तुम्ही सवय म्हणून बाजूला सारलंत, तिच्यावर जाणकार लोक असे प्रश्न सोडवतात.

ॐ बद्दल थोडक्यात, कारण त्यावर तुम्ही ऐकून घ्याल अशी मला फार आशा नाही. ओअंकार हा शब्द ॐकाराच्याच कुळातला, हे मी लेखातही नाकारलं नव्हतं. पण ग्रंथात त्याच्या आधी एकचा आकडा आहे. अक्षरात लिहिलेला 'एक' नाही, आकडा. अक्षरात लिहिला असता तर गुरबाणीच्या व्याकरणाप्रमाणे त्याला लिंग-वचनाचा स्वर लागला असता : इकु पुल्लिंगी, इक स्त्रीलिंगी, इकि म्हणजे कित्येक. आकड्याला यातलं काही चिकटत नाही. भाई गुरदास आपल्या तिसऱ्या वारेत हेच चिन्ह उलगडून सांगतात : 'एका एकंकारु लिखि देखालिआ, ऊडा ओअंकारु पासि बहालिआ'. आधी एक लिहून एकंकार दाखवला, मग ऊडा हे अक्षर ओअंकार म्हणून त्याच्या शेजारी बसवलं. ज्यांच्या हाताने ग्रंथ लिहिला गेला तेच दोन वेगळे भाग सांगत असतील तर दोन्ही मिळून 'आपला ॐच' असं मी कसं म्हणू? गुरू नानकांची 'ओअंकारु' नावाची मोठी वाणी रामकली रागात, अंग ९२९ वर आहे. तिची सुरुवात 'ओअंकारि ब्रहमा उतपति' अशी आहे. ओअंकारापासून ब्रह्मा उत्पन्न झाला, म्हणजे सृष्टी करणारा देवही तिथे केलेल्यांमध्ये बसतो. हे साम्य आणि हा फरक दोन्ही एकत्र सांगायचे असतात. नुसतं साम्य सांगणं सोपं असतं, आणि सोपं म्हणून ते खरं ठरत नाही.

नामदेवांना मी कुठेही ओढलेलं नाही. त्यांचे ६१ शबद चारशेहून अधिक वर्षं तिथे आहेत, 'बीठलु' या नावासह, आणि त्या ओळीखाली. त्यांना तिथे ठेवणाऱ्याने त्यांचा विठ्ठल पुसला नाही. आपण मात्र ते तिथे आहेत हे वाचायलाही तयार नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिखांना शिकवण्याचा प्रश्नच नाही. लेख मराठी वाचकांसाठी होता, तसा उल्लेख वरच केला होता. बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देत नाही.

अंग ४८५ ते ४८८ एवढी चार पानं देवनागरी लिप्यंतरातही सहज मिळतात. ती उघडून, कुठल्या शबदावर मंगल आहे आणि कुठल्यावर नाही हे स्वतः पाहा. माझं एखादं शीर्षक चुकलेलं आढळलं तर अंग आणि ओळ लिहून कळवा, मी त्याच दिवशी दुरुस्त करीन.